प्रमोशन नागपूर झोनला, नवरा चाकणला : घ्यायचं की सोडायचं?

"ताई, मी सरकारी बँकेत स्केल टू मॅनेजर आहे, पुण्यात. परवा स्केल थ्रीचा रिझल्ट लागला, नाव आलंय आणि पोस्टिंग नागपूर झोन. नवरा चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे, त्यालाही पुढच्या वर्षी सप्लायर क्वालिटीचं हेड करायचं चाललंय, म्हणजे महिन्यातले आठ-दहा दिवस बाहेरगावी. मुलगा जूनमध्ये नववीत जाईल, मुलगी चौथीत. सासूबाई आमच्याकडेच असतात, ७१ वर्षांच्या आहेत, बीपी आहे. हातात पगारात फरक पडेल फक्त चौदा हजारांचा. आई म्हणते सोडून दे प्रमोशन, नवरा म्हणतो मीच नागपूरला जॉब बघतो, आणि मला दोन्ही पटत नाहीये. चौदा हजारासाठी घर विस्कटायचं का? आठवडाभरात कळवायचंय."

---

अगं, आधी अभिनंदन, कारण स्केल थ्री पुण्यात बसून फुकट मिळत नाही हे मला माहितीये, बँकेतच नोकरी केलीये मी. आता माझं मत सरळच सांगते, प्रमोशन घे, नवऱ्याने चाकण सोडू नये, आणि पोरांना पुण्यातून हलवू नको. पण हे तिन्ही जमवायचं असेल तर येत्या काही दिवसांत थोडी कामं करावी लागतील आणि ती बहुतेक जण करत नाहीत, नुसतं "बघू जमेल तसं" म्हणून जॉइन होतात आणि मग सहा महिन्यांत घरात कुरबुर सुरू होते.

पहिलं चौदा हजारांचं बघू, कारण तुझं पत्र तिथेच अडकलंय. चौदा हजार हे पुण्यात राहिली असतीस तर. नागपूरला दुसरा संसार लागणार, बँक लीजवर घर देईल पण किराणा, गॅस, लाइट, एखादी स्वयंपाकाची बाई धरून आठ-नऊ हजार कुठे गेले नाहीत. महिन्यातून दोनदा घरी यायचं म्हटलं तर थर्ड एसीचे सहा-एक हजार, त्यातली एक वेळ जरी विमानाची झाली तर ते दुप्पट. पुण्यात दुपारी दोन ते रात्री आठ घरी थांबेल, मुलीला शाळेच्या बसवरून घेईल, सासूबाईंना एकटं वाटू देणार नाही अशी बाई ठेवलीस तर दहा-बारा हजार. बेरीज करून त्यातून वाढीव चौदा हजार वजा केलेस तरी महिन्याला दहा ते तेरा हजार खिशातून जातायत, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं हे प्रमोशन तुला पैसे देत नाही, उलट घेतंय. हे आत्ताच नवऱ्यासमोर कागदावर मांड, म्हणजे नंतर "एवढं करून हातात काय आलं" हे वाक्य कोणी बोलणार नाही. फायदा आहे तो पुढचा. बेसिक वाढलं की त्यावरचा डीए वाढतो, दोन्ही मिळून बँक जे एनपीएसमध्ये चौदा टक्के टाकते ते वाढतं, ग्रॅच्युइटी वाढते आणि मुख्य म्हणजे स्केल फोरच्या रांगेत तू उभी राहतेस. सोडलंस तर तुझ्या बँकेच्या प्रमोशन पॉलिसीत नकार देणाऱ्याला पुढच्या किती प्रमोशन प्रोसेसमधून बाहेर बसवतात ते वाच, प्रत्येक बँकेचं वेगळं असतं, एचआरच्या माणसाला तोंडी विचारू नको, सर्क्युलर काढ आणि तो क्लॉज स्वतः वाच. आणि एक लक्षात घे, आज नकार देऊन पुढच्या वेळी प्रमोशन घेतलंस तर मुलगा दहावीत किंवा अकरावीत असेल आणि पोस्टिंग नागपूरच्या ऐवजी पाटणाही असू शकतं.

आता नवरा म्हणतो मी नागपूरला जॉब बघतो. मन चांगलं आहे त्याचं, पण हे करू देऊ नकोस. का ते सांगते. तुझी नोकरी बदलीची आहे आणि त्याची नोकरी एका जागी मुळं धरणारी आहे. ऑटोमधल्या क्वालिटीच्या माणसाची किंमत असते ती चाकण, रांजणगाव, पिंपरी या पट्ट्यात, तिथे एक कंपनी सोडली तर पाच किलोमीटरवर दुसरी आहे, ओळखी आहेत, कोणत्या कस्टमरचा ऑडिटर काय विचारतो हे माहिती आहे. नागपुरात बुटीबोरी आहे, हिंगण्याला ट्रॅक्टरचा मोठा प्लांट आहे, मिहान आहे, काम अगदीच नाही असं नाही, पण पर्याय मोजकेच आहेत, आणि घाईने जॉब शोधणारा माणूस बहुतेक वेळा पगारात नाहीतर पदात एक पायरी खाली उतरतो. तेही चाललं असतं गं, पण तीन वर्षांनी तुझी बदली होणारच, मग तो काय परत जॉब बघणार? स्केल फोरला परत? बदलीच्या नोकरीमागे दुसऱ्याने फिरायचं ठरवलं की त्याचं करिअर दर तीन वर्षांनी शून्यावर येतं आणि चाळिशीनंतर ते भरून निघत नाही. म्हणून घरात एक गाव पक्कं ठरवा की आपलं घर इथे, बदलीवाला माणूस जाईल आणि येईल. तुमच्या बाबतीत ते गाव पुणे.

मग आता तुझ्या हातात काय आहे. तुझ्या ऑर्डरमध्ये "नागपूर झोन" लिहिलंय, शाखा नाही लिहिलेली, बरोबर? झोनल ऑफिसला रिपोर्ट केल्यावर शाखा मिळते आणि ती नागपूर शहरात असेल असं मुळीच नाही, झोनच्या हद्दीप्रमाणे ती चंद्रपूर असेल, गडचिरोली असेल, कुठलंतरी तालुक्याचं गाव असेल जिथून स्टेशन गाठायलाच चार तास लागतात. नागपूर की पुणे यापेक्षा या शाखेवर तुमची पुढची तीन वर्षं जास्त अवलंबून आहेत, आणि इथेच अर्ज चालतो. जॉइन व्हायच्या आधीच झोनल मॅनेजरच्या नावाने, प्रॉपर चॅनेलने, एक पानाचा अर्ज दे. त्यात रडगाणं नको. नवऱ्याच्या कंपनीचं तो चाकणला कामाला असल्याचं पत्र, दोन्ही मुलांच्या शाळेचे बोनाफाइड, सासूबाईंचे बीपीचे कागद हे सगळं जोड आणि खाली स्पष्ट लिही की रेल्वे लाइनवरच्या शाखेत सामावून घ्यावं, आणि तीन शाखांची नावं दे. वर्धा तुझ्या झोनमध्ये येत असेल तर मी म्हणेन वर्धा पहिलं लिही. नागपूरच्या अलीकडे आहे, पुण्याची गाडी तिथे थांबते, गाव लहान असल्याने बँकेपासून स्टेशन दहा मिनिटांवर पडतं. नागपूर शहरातल्या मोठ्या शाखेत रात्री आठ वाजता कॅश टॅली होईपर्यंत गाडी सुटून जाते.

अर्जात आधार काय द्यायचा तर सरकारी बँकांतल्या महिला कर्मचाऱ्यांच्या बदलीबद्दल वित्त मंत्रालयाने ऑगस्ट २०१४ मध्ये बँकांना कळवलेलं आहे की लग्न झालेल्या महिलेने विनंती केली तर नवरा जिथे आहे तिथे किंवा शक्य तितक्या जवळ तिला सामावून घ्यावं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये परत बदल्यांचं धोरण पारदर्शक करा म्हणून सांगताना महिलांना जवळच्या ठिकाणी घ्यायचा मुद्दा आलाय. याच्या जोरावर तुला आत्ता पुणे मिळेल असं समजू नकोस, ही विनंतीची गोष्ट आहे, हक्क नाही, जागा असेल तर देतात. आणि बरेच जण नवरा-बायको एका ठिकाणी ठेवायचा तो केंद्र सरकारचा २००९ चा आदेश अर्जात टाकतात, तो मुख्यतः दोघंही सरकारी किंवा सार्वजनिक उपक्रमात असतील तर कामाचा आहे, तुझा नवरा खाजगी कंपनीत आहे म्हणून तुझं खरं बळ महिलांसाठीच्या २०१४ च्या पत्रात आहे. आत्ता तो अर्ज रेकॉर्डवर गेला की दोन वर्षांनी रिक्वेस्ट ट्रान्सफर टाकताना "पहिल्या दिवसापासून मागतेय" हे दाखवता येतं. जॉइन होऊन दीड वर्षाने पहिल्यांदा अर्ज टाकणाऱ्याला कोणी विचारत नाही. पोचपावती घे, ईमेलची कॉपी घरच्या आयडीवर ठेव.

एचआरला अजून दोन गोष्टी लेखी विचार. शैक्षणिक वर्षाच्या मध्ये बदली झाली आणि मुलं जुन्याच गावी ठेवली तर एक छोटा भत्ता मिळतो, तो तुझ्या जॉइनिंगच्या तारखेला लागू पडतो का. आणि पुण्यातल्या घरावर तू आत्ता लीज किंवा एचआरए घेत असशील तर नागपूरला लीज घेतल्यावर त्याचं काय होतं, कारण इथे लोक गृहीत धरतात आणि मग रिकव्हरी लागते.

येण्याजाण्याचं बोलू. दर आठवड्याला घरी येईन असं मुलांना सांगू नकोस, ते होत नाही आणि चौथीतली पोर शनिवार मोजत बसते. बँकेला २०१५ पासून फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, तेव्हा शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी-दुपारी पुण्यात आणि रविवारी संध्याकाळी परत असं महिन्यातून दोनदाच शक्य आहे. हेडक्वार्टर म्हणजे पोस्टिंगचं गाव सोडायची परवानगी प्रत्येक वेळी घे, मेलवर घे, नव्या जागी पहिल्या महिन्यातच कोणीतरी बोट ठेवायला बसलेलं असतं. वंदे भारत सुरू झालीय खरी नागपूरच्या अजनीहून पुण्याला, पण ती दिवसाची गाडी आहे, बारा तास, तुझा अख्खा शनिवार खाईल, ती दिवाळीच्या किंवा मोठ्या सुट्टीच्या कामाची. तुला लागणार रात्रीची गाडी नाहीतर ट्रॅव्हल्सची स्लीपर. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, मग एकदाच बसून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारच्या तारखा आणि त्याच्या साठ दिवस आधीच्या तारखा दोघांच्या फोनमध्ये टाका, सकाळी आठला बुकिंग उघडतं तेव्हा तू रांगेत ग्राहक घेऊन बसलेली असशील म्हणून हे काम नवऱ्याकडे दे. ऐकायला फालतू वाटतं, पण तिकीट नाही म्हणून दोन वेळा येणं चुकलं की घरात तुझी जागा हळूहळू पाहुण्यासारखी होते.

आता सगळ्यात मोठं, नवऱ्याचं फिरतीचं पद. पत्रात तू ते एका ओळीत लिहिलंस पण मला खरी अडचण तिथेच दिसते. तू नागपूरला आणि तो रुद्रपूर नाहीतर चेन्नईला सप्लायरकडे, अशा रात्री घरी ७१ वर्षांच्या सासूबाई आणि दोन मुलं. महिन्यातून एखादी रात्र निभते, आठ-दहा रात्री नाही निभत. म्हणून त्याने ते पद सोडायचं का? नाही. तू घेतेस तर त्यालाही मिळायला हवं, नाहीतर दोन वर्षांनी भांडणात हेच निघेल. पण त्याने हेड होण्याआधी त्याच्या साहेबांशी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात, आणि पद जाहीर व्हायच्या आधी, नंतर बोललं की ती तक्रार वाटते. एक म्हणजे सुरुवात कधी. तू एप्रिल-मेमध्ये जॉइन होणार, घर रुळायला सहा महिने धर, तर त्याने दिवाळीनंतरची तारीख मागावी. दुसरं म्हणजे फिरती सलग मागायची. सुटे सुटे दोन दिवस चार वेळा जाण्यापेक्षा एका भागातले सप्लायर एकाच फेरीत उरकायचे, चेन्नई, होसूर एकत्र, गुरुग्राम, रुद्रपूर एकत्र, आणि ती फेरी ज्या आठवड्यात तू घरी येणार त्याला चिकटवून. रुटीन ऑडिटला हे जमतं, वर्षाचा ऑडिट प्लॅन त्याच्याच डिपार्टमेंटला करायचा असतो. जे जमणार नाही ते म्हणजे सप्लायरचा लॉट रिजेक्ट झाला, कस्टमरकडे लाइन थांबली, "आज रात्रीच निघा". त्यासाठी त्याच्या टीममधला एक माणूस तयार ठेवावा लागेल जो पहिल्या दिवशी जाईल आणि हा दुसऱ्या दिवशी पोचेल. आणि घरी त्या एका रात्रीसाठी कोण, तुझी आई, नणंद, सोसायटीतली एखादी मैत्रीण, नाव आत्ताच ठरव आणि तिला सांगून ठेव, ऐन वेळी रात्री नऊला फोन करणं म्हणजे उपकार मागणं होतं.

एका रविवारी दोघं बसा आणि वर्षाचं कॅलेंडर भरा, मी तुमचं भरून दाखवते म्हणजे कळेल. मार्च तुझा नाहीच, क्लोजिंग, रजा मिळणार नाही, एप्रिलमध्ये ऑडिटर येणार. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये नवऱ्याची फिरती शून्य आणि नेमक्या तेव्हाच मुलांच्या वार्षिक परीक्षा असतात, ते महिने त्याचे. सप्टेंबरअखेर तुझं हाफ इयरली क्लोजिंग आणि त्याचं सणाच्या आधीचं प्रॉडक्शन एकाच वेळी वर येतं, त्या तीन आठवड्यांत तुझ्या आईला पुण्यात राहायला बोलव, आत्ताच विचार तिला, प्रमोशन सोड म्हणणाऱ्या आईला काहीतरी ठोस काम दिलं की तिची काळजीही कमी होते. मे आणि दिवाळीच्या सुट्टीत तू आणि मुलं एकत्र, विदर्भात मेमधलं ऊन पोरांना झेपत नाही म्हणून मेमध्ये तूच सलग पीएल टाकून पुण्याला ये आणि दिवाळीनंतरचे आठ दिवस त्यांना तिकडे ने. त्याच्या लांबच्या फेऱ्या जानेवारी-फेब्रुवारीत नको, जून-जुलैमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये ठेवा. बघ, असं लिहिल्यावर दिसतं की वर्षात अडचणीचे आठवडे पाच-सहाच आहेत, बाकी निघून जातं.

दहावीचं. मुलगा जूनमध्ये नववीत, म्हणजे तुझ्या पोस्टिंगचं दुसरं वर्ष त्याचं दहावीचं. एसएससी बोर्ड असेल तर परीक्षा हल्ली फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होते आणि मार्चमध्ये जाते, बरोब्बर तुझ्या क्लोजिंगवर. तर त्या वर्षी रजा परीक्षेत मागू नको, नाही म्हणतील. जानेवारीच्या मध्यापासून प्रीलिमच्या वेळची तीन आठवड्यांची पीएल आदल्या ऑक्टोबरमध्येच अर्ज करून ठेव, मुलाला आईची खरी गरज प्रीलिमचे मार्क आल्यावर असते, पेपरच्या दिवशी सोडायला बाबा पुरतो. आणि तेव्हा अगदीच गरज वाटली तर बऱ्याच सरकारी बँकांत महिलांना बिनपगारी सॅबॅटिकल आहे, पण त्याचा सीनियॉरिटीवर काय परिणाम होतो ते आधी वाच, मी ते शेवटचा पर्याय म्हणून धरेन.

सासूबाईंबद्दल एकच, पण ते नीट ऐक. त्या घरात आहेत म्हणून तुम्ही दोघं नकळत सगळं त्यांच्यावर टाकाल. ७१ व्या वर्षी नातवंडांबरोबर असणं वेगळं आणि त्यांची जबाबदारी घेणं वेगळं. डबा, अभ्यास, शाळेचे मेसेज, डॉक्टर हे सगळं नवऱ्याच्या नावावर हवं. शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये त्याचा नंबर टाक आणि स्वतः तिथून बाहेर पड, हो, बाहेरच पड, नाहीतर तू वर्ध्याच्या केबिनमधून चार्ट पेपर मागवत बसशील आणि त्याला वाटेल बायको बघतेय. मुलीच्या टीचरना त्याने स्वतः जाऊन भेटून सांगावं की यापुढे फोन मला करा. पहिले दोन महिने तो चुका करेल, डबा परत येईल, प्रोजेक्टची तारीख जाईल, तू तिकडून दुरुस्त करू नकोस. आणि सासूबाईंच्या गोळ्यांचा आठवड्याचा डबा रविवारी रात्री मुलाने भरायचा, नववीतल्या मुलाला हे जमतं आणि आवडतंही.

हे बिनसतंय कधी समजायचं तेही सांगते, कारण फोनवर सगळे "मजेत" म्हणतात. त्या डब्यात रविवारी बुधवारच्या गोळ्या शिल्लक दिसल्या. मुलगी फोनवर एक-दोन वाक्यांत आटपून फोन आजीकडे द्यायला लागली. नवरा दुसऱ्यांदा फिरती रद्द करून टीमच्या माणसाला पाठवायला लागला आणि तुला सांगितलंच नाही. तुला स्वतःला रविवारी दुपारी चारपासूनच छातीत धडधड व्हायला लागली आणि ती महिनाभर टिकली. यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर दोन वर्षं पूर्ण व्हायची वाट बघू नको, झोनमधल्या झोनमध्ये पुण्याच्या दिशेने सरकायचा अर्ज टाक आणि नवऱ्याच्या फिरतीला तीन महिने ब्रेक मागा, दोन्ही एकाच आठवड्यात.

तर आता या आठवड्यात बँकेला होकार कळव. त्याच दिवशी झोनला तो अर्ज जाऊ दे, बोनाफाइड शाळेतून यायला दोन-तीन दिवस लागतात म्हणून उद्या सकाळी पहिलं ते माग. शाखा मिळाली की मला कळव, रेल्वेपासून लांबची मिळाली तर काय करायचं ते वेगळं बोलू.